मदत हवी आहे: फ्लॅट भाड्याने द्यायचाय, जाहिरातीत नंबर कसा टाकावा?

मृदुला_क
आईचा कोथरूडमधला वन बीएचके भाड्याने द्यायचा आहे. एजंट नको, म्हणून फेसबुकच्या दोन ग्रुपवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकणार आहोत. मी पुण्यात नसते, फोन आईच घेईल. तिचा एकच नंबर आहे आणि तो बँक, आधार, गॅस सगळीकडे जोडलेला आहे. तो जाहिरातीत द्यावा का? भाडेकरू मिळाल्यावर काढून टाकला तर खरंच निघतो का?

सदाकाका
सोपं आहे. 1909 वर डीएनडी लावा, नको ते फोन बंद होतील. आमच्या घरी सगळ्यांना लावून दिलंय.

विनय_द
काका, डीएनडीने कंपन्यांचे जाहिरातीचे फोन कमी होतात, ते लावावंच. पण जाहिरात वाचून स्वतःच्या साध्या नंबरवरून फोन करणाऱ्या एजंटला किंवा भामट्याला त्याने अडवता येत नाही.

मृदुलाताई, आईंचा मुख्य नंबर देऊ नका. कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला आणि तो यूपीआयला जोडलेला असला, की खातेदाराचं बँकेतलं नाव समोर येतं. जाहिरातीत घराचा भाग असतोच. मग "अमुकबाई, तुमच्या बँकेतून बोलतोय" असा फोन आला की माणूस सहज फसतो.

त्यापेक्षा आईंच्याच नावावर एक स्वस्त प्रीपेड सिम घ्या आणि फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. त्याला बँक, यूपीआय, ईमेल काहीच जोडू नका. त्यावर व्हॉट्सॲप घेतलंत तर Settings > Privacy मध्ये प्रोफाइल फोटो आणि Groups हे दोन्ही My contacts वर ठेवा, म्हणजे अनोळखी माणसाला फोटो दिसत नाही आणि कुणीही उचलून भलत्या ग्रुपमध्ये टाकत नाही.

आता "निघतो का". फेसबुकवर पोस्ट एडिट करून नंबर खोडला तरी 'View edit history' मध्ये जुना मजकूर तसाच दिसतो, म्हणून अख्खी पोस्टच डिलीट करायची. एजंटांनी मजकूर उचलून स्वतःच्या जाहिरातीत घातला असेल, तर तो मात्र तुमच्या हातात राहत नाही. फोटोवर नंबर छापू नका, फोटो तर फारच फिरतात.

रेवती_जोग
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. शिकवणीच्या बोर्डावर माझाच नंबर रंगवलाय आणि तीनशे पालकांकडे तो आहे. मी आता काय करू?

विनय_द
रेवतीताई, तुमचं उलट करावं लागेल. तो नंबर शिकवणीसाठी राहू द्या आणि बँक, आधार नव्या नंबरवर हलवा. दोन्ही बदल पूर्ण होईपर्यंत जुनं सिम चालू हवं, कारण ओटीपी त्यावरच येतात.

मृदुला_क
आणि सोसायटीच्या ग्रुपवर? तिथे आईचा नंबर सगळ्यांना दिसतोच ना?

विनय_द
दिसतो, म्हणूनच मजकुरात पुन्हा लिहू नका. मेसेज फॉरवर्ड झाला की पाठवणाऱ्याचा नंबर पुढे जात नाही, पण मजकुरात लिहिलेला जातो. तिथे "मला मेसेज करा" पुरे. फेसबुकवर असं लिहा:

"कोथरूड, वन बीएचके, दुसरा मजला, पुढच्या महिन्यापासून. किती जण, कधीपासून आणि नोकरी कुठे, हे इनबॉक्समध्ये लिहा, नंबर लगेच देते."

विंग, फ्लॅट नंबर, आणि आई एकट्या असतात हे कुठेही नको.

अनघा_पुणे
इनबॉक्सचं मला पटत नाही. चांगले भाडेकरू घाईत असतात, नंबर दिसला नाही तर पुढच्या जाहिरातीकडे जातात. वेगळं सिम घेतलंच आहे तर नंबर उघड द्यायला काय हरकत?

विनय_द
सिम वेगळं असेल तर धोका बराच कमी होतो, हे खरं. पण एजंटांचे फोन येणार आणि ते आईंनाच घ्यायचे आहेत. आधी आठवडाभर इनबॉक्स ठेवून बघा, प्रतिसाद नसेल तर नंबर टाका.

आईंना एक मात्र आत्ताच सांगून ठेवा. "लष्करात आहे, बघायला येता येत नाही, डिपॉझिट आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला की ठेवून द्यायचा. पैसे घेताना यूपीआय पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की आपले पैसे जातात. गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

मृदुला_क
भाडेकरू मिळाल्यावर सिम नुसतं काढून ठेवलं तर चालेल?

विनय_द
आधी पोस्ट डिलीट करा, मग त्या नंबरचं व्हॉट्सॲप Settings > Account > Delete account मधून बंद करा, आणि शेवटी सिम सोडा. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो.

सदाकाका
सोसायटीच्या फळ्यावरही नंबर लिहायचा नाही का मग? तिथे तर आपलीच माणसं असतात.

अनघा_पुणे
काका, फळ्याचाही फोटो काढून कुणीतरी ग्रुपवर टाकतोच. तिथे "चौकशी वॉचमनकडे" लिहा, आणि नवा नंबर वॉचमनकडे ठेवा.