मदत हवी आहे : घरी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर कंपनी हक्क सांगतेय

अडकलेला_पुणेकर
सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलं. आता राजीनामा दिलाय. एचआर म्हणतं, कोड कंपनीचा आहे असं लिहून द्या, मगच रिलीव्हिंग लेटर. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. हक्क कोणाचा, एवढंच सांगा.

सॅनहोजेकर
लॅपटॉप तुमचा, वेळ तुमचा, म्हणजे कोड तुमचाच. कॅलिफोर्नियात यासाठी कामगार कायद्याचं 2870 कलम आहे. तेच दाखवा.

कलमवाली
ते पुण्यात लागू नाही. आणि तिथेही काम कंपनीच्या धंद्याशी संबंधित असेल तर ते कलम वाचवत नाही. पुणेकर, कंपनी काय बनवते? तुमचं काम काय? नेमणूकपत्रात काय लिहिलंय?

अडकलेला_पुणेकर
कंपनी दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवते. मी टेस्टिंगला आहे, कोड लिहीत नाही. पत्रात आहे : 'नोकरीच्या काळातील प्रत्येक निर्मिती कंपनीची राहील.'

पेटंटप्रेमी
आधी पेटंट टाका, मग कोणी हात लावणार नाही.

कलमवाली
नुसत्या संगणक प्रोग्रामला कलम 3(के) पेटंट देत नाही. इथे प्रश्न कॉपीराइटचा आहे. 1957 च्या कायद्याचं कलम 17(सी) बघतं ते हे, की काम नोकरीचा भाग म्हणून झालं का. लॅपटॉप आणि वेळ हा त्याचा फक्त पुरावा. तुम्ही टेस्टर आहात हे तुमच्या बाजूने, पण दोन्हीकडे बिलिंगच आहे हे विरुद्ध.

पत्रातली ओळ वेगळी. पुढे होणाऱ्या कामाचे हक्कही आधी लिहून देता येतात. पण कलम 19 प्रमाणे कोणतं काम, कोणते हक्क हे लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत. इतकी मोघम ओळ कोर्टात किती टिकेल यावर वाद घालता येतो. एचआरच्या कागदावर सॉफ्टवेअरचं नाव घालून सही केलीत, की तो वाद तुम्हीच मिटवलात. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

रात्रपाळी
मी सुटल्यावर दुसऱ्या कंपनीचं काम करतो. चालतं का?

गिटवाला
त्यासाठी वेगळा धागा काढा. पुणेकर, हे चालवून बघा :

```
git log --format='%h %ae %ad'
```

ऑफिसचा ईमेल दिसतोय का?

अडकलेला_पुणेकर
सुरुवातीच्या काही कमिटवर आहे. बदलून टाकू?

गिटवाला
अजिबात नको. इतिहास बदलला की सगळ्या पुढच्या कमिटचे हॅश बदलतात आणि कोणाकडे जुनी प्रत असेल तर फेरफार उघडा पडतो. लॅपटॉपवरची तारीख हाताने घालता येते, त्यामुळे तिला फार वजन नाही. रेपो बाहेरच्या सर्व्हरवर असेल तर तिथल्या पुशच्या नोंदी उतरवून ठेवा.

सॅनहोजेकर
ईमेलने मालकी ठरत नाही!

कलमवाली
ठरत नाही, पण 'हे ऑफिसचंच काम' म्हणायला त्यांना आधार मिळतो. खुलासा तयार ठेवा.

अडकलेला_पुणेकर
चाचणीसाठी कंपनीच्या ग्राहकांची थोडी बिलं वापरली होती. तेही मोजायचं?

कलमवाली
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. त्याने कोडची मालकी आपोआप जात नाही, पण गोपनीयतेच्या कराराचा भंग हा स्वतंत्र दावा उभा राहतो. वकिलाला हे सगळ्यात आधी सांगा. त्याआधी काही पुसू नका.