मदत हवी आहे : शेजारी नळ धो-धो, आमच्याकडे थेंबही नाही

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. ग्रामपंचायतीचा नळ एक दिवसाआड सकाळी तासभर येतो. सोमवारपर्यंत नेहमीसारखी धार होती, बुधवारी एकदम बंद. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांकडे त्याच मेन लाइनवरून पाणी भरपूर, म्हणजे टाकी किंवा व्हॉल्व्हचा प्रश्न दिसत नाही. बिल भरलेलं आहे.

आधी अंगणातला कॉक पाहिला. कधीकधी दांडी फिरते पण आतली पाती तुटून खालीच बसलेली असते, म्हणून तो काढूनच ठेवला. मीटरआधीची जाळी उघडली, चमचाभर लाल रेती निघाली, धुऊन लावली. काही फरक नाही. शेवटी शुक्रवारी नळ सुटायच्या वेळी कॉकच्या जागी उघड्या पाइपाला तळहात लावून बसलो. पाणी सोडा, हवेची फुसही नाही. म्हणजे बिघाड आमच्या कॉकच्या अलीकडे नाही, मेनकडेच आहे.

मेन रस्त्याच्या पलीकडे, मध्ये सिमेंट रोड. पाइप अर्ध्या इंची लोखंडी, बारा वर्षं जुना. रस्त्यावर कुठे ओल नाही, खोदकामही झालेलं नाही. हळूहळू गंज धरला असता तर धार आधी बारीक झाली असती, म्हणून मला मेनवरच्या फेरुलमध्ये, म्हणजे मेनला आमचा पाइप जिथे जोडलाय त्या पितळी तोटीत, काहीतरी अडकल्याची शंका आहे.

उलट्या बाजूनं कॉम्प्रेसरची हवा मारा, असं एकजण म्हणतो, पण घाण मेनमध्ये जाऊन शेजाऱ्यांच्या गुंडात उतरेल याची भीती वाटते.

रोड फोडायच्या आधी, अडथळा फेरुलमध्येच आहे की मधल्या पाइपात, हे घराकडूनच कसं ओळखायचं?