शब्दचर्चा: ‘स्ट्राँग बीट’ला सम म्हणायचं का? आणि ‘कॉर्ड टोन’ला?

केतकी_अनुवाद
मंडळी, एका ओळीवर अडलेय. चाल बांधायला शिकवणाऱ्या एका पाठाचं मराठी करतेय. कॉर्ड आधीच ठरलेल्या आहेत, त्यांच्यावर चाल बसवायची. मुख्य सूचना अशी की स्ट्राँग बीटवर कॉर्ड टोन ‘टार्गेट’ करा. मी लिहिलं, ‘समेवर कॉर्डचा वादी स्वर लावा.’ वाचायला झकास वाटलं. मसुदा एका शिकणाऱ्या मुलाला दिला, त्याने तो तंतोतंत पाळला आणि चाल फसली. सीला सा धरून त्याने लिहिलेले चार बार, प्रत्येकी चार मात्रा:

सी: ग म प ध
ए मायनर: नि सां ध प
एफ: ग म ध प
जी: सा रे ऩि सा

नुसती गुणगुणली तर चाल बरी आहे. गिटार सोबत घेतली की दुसऱ्या बारपासून दोघांचं पटत नाही. मी तसं म्हटलं, तर तो म्हणतो, ‘सम आवर्तनात एकदाच येते. पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर ग आहे, तो सीचाच आहे. माझं चुकलं कुठे?’ उत्तर सुचेना. शब्द सुचवा.

ठोका_सोळा
तो पोरगा तबला शिकलेला दिसतो. बरोबर बोलतोय. सोळा मात्रांच्या आवर्तनाला सम एकच. तुमच्या पाठाला हवंय ते प्रत्येक बारमध्ये दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. म्हणजे चार बारांत आठ जागा. त्याने एकच जागा सांभाळली आणि सात वाऱ्यावर सोडल्या, कारण तुम्हीच एक सांगितली.

निवांत_वाचक
मग ‘टाळी’ म्हणा की. टाळीची मात्रा आणि खालीची मात्रा. तयार जोडी आहे आपल्याकडे.

ठोका_सोळा
त्रितालात टाळी १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. आता केतकीताईंचे चार बार त्यावर ठेवा. नववी मात्रा म्हणजे एफच्या बारची सुरुवात. तिथे नवी कॉर्ड पडते, कानाला जोर ऐकू येतो, आणि तुम्ही त्या जागेला खाली म्हणणार? शिवाय तिसऱ्या, सातव्या, अकराव्या, पंधराव्या मात्रेला टाळीही नाही आणि खालीही नाही. त्या कुणाच्या पदरात घालायच्या?

पेटीवाले_काका
बाळ केतकी, ‘वादी’ पण काढून टाक. वादी रागाला एकदा मिळतो आणि राग संपेपर्यंत तोच राहतो. इथे दर बारला मंडळी बदलतात. ग हा सीच्या घरचा, ए मायनरच्याही घरचा, पण एफच्या घरी तो पाहुणा. मी पेटीवर मुलांना असंच सांगतो, घरचा स्वर आणि पाहुणा स्वर. जोराच्या मात्रेवर दार घरच्यानेच उघडायचं, पाहुणे मागून येतील. पोरं एका मिनिटात समजतात.

शुद्ध_मराठी
काका, गप्पांत ठीक, पण छापील पाठात ‘पाहुणा स्वर’? लग्नाची पत्रिका आहे का ती? ‘स्वरसंघात’ हा शब्द असताना ‘कॉर्ड’ तरी कशाला? ‘आघातमात्रांवर संघातस्वर साधावेत.’ झालं एका ओळीत.

निवांत_वाचक
वाचून वाटलं दोन गाड्या धडकल्या.

मंदार_बेस
शब्दाचं तुम्ही बघा, मी त्या मुलाच्या चालीत पाय घालतो, कारण दुखणं तिथे दिसतं. जोराच्या आठ जागांवरचे स्वर तेवढे वेगळे काढा, बाकीचे झाका. सीवर ग आणि प, दोन्ही घरचे. ए मायनरमध्ये ध, सा, ग, आणि त्याने पहिल्या मात्रेवर ठेवलाय नि. एफमध्ये म, ध, सा, आणि त्याचा ग. जीमध्ये प, नि, रे, आणि त्याचा सा. तिसऱ्या मात्रेवर मात्र तो सगळीकडे आपोआप बरोबर आहे: ध, ध, नि. म्हणजे कॉर्ड जिथे बदलते नेमका तिथेच तो तीनदा घसरलाय.

गंमत अशी की नवा स्वर आणायची गरजच नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बारमधले पहिले दोन स्वर उलटे करा:

सी: ग म प ध
ए मायनर: सां नि ध प
एफ: म ग ध प
जी: रे सा ऩि सा

तेच सोळा स्वर. आता आठही जागांवर घरचे आहेत. शेवटच्या मात्रेवरचा सा जीचा नाही, पण जागा हलकी आहे आणि पुढे सी येणारच असते, म्हणून कान त्याला हरकत घेत नाही. आधी फक्त आठ स्वर कॉर्डसोबत लांब धरून वाजवायचे, ते पटले की मग मधले भरायचे. मी स्वतः चाल लिहितो ती अशीच.

आणि तिन्ही पाहुणे सारखे नव्हते हेही त्याला सांगा. एफवर ग तसा गोड लागतो, त्यावर थांबलात तरी कुणी उठून जात नाही. जीवर सा टोचतो, कारण कॉर्डमध्येच नि आहे, अर्ध्या सुरावर. दोघं एकाच वेळी वाजले की एकमेकांच्या पायावर पाय.

पेटीवाले_काका
मंदार, उलटापालट छान केलीस. म्हणून तर म्हणतो, जोरावर पाहुणा आला की चूक.

मंदार_बेस
नाही काका, चूक नव्हे. जोरावर मुद्दाम पाहुणा ठेवतात आणि लगेच शेजारच्या घरच्या स्वरावर उतरवतात. एफच्या बारच्या शेवटी सा धरा, तिथे तो घरचा आहे. तो न सोडता जीच्या पहिल्या मात्रेवर आणा, आता तो पाहुणा झाला. दुसऱ्या मात्रेवर नि वर सोडा. त्या एका मात्रेतला ताण हवाहवासा वाटतो. सगळं सुटण्यावर आहे.

रियाज_रात्री
मग मला एक सांगा. त्या मुलाच्या मूळ चालीत नि लगेच सा वर गेलाय, ग लगेच म वर, सा लगेच रे वर. तिन्ही वेळा शेजारच्या घरच्या स्वरावर. तुमच्याच हिशेबाने ते मुद्दाम ठेवलेले पाहुणे झाले. मग दुरुस्ती कसली केलीत?

मंदार_बेस
पेच बरोबर टाकलात. एकदा केलं असतं तर मी वाहवा म्हटलं असतं. लागोपाठ तीन बार, तेही कॉर्ड बदलण्याच्या क्षणी, असं झालं की कानाला ताण ऐकू येत नाही, चाल एक मात्रा उशिरा पोचतेय असं वाटतं. लयीवरही आहे. मिनिटाला ६० मात्रा असतील तर पाहुणा पुरा सेकंदभर लोंबकळतो. १६० ला तो अर्ध्या सेकंदाच्या आतच निघून जातो आणि पत्ता लागत नाही. मुलाने कोणत्या लयीत वाजवली?

केतकी_अनुवाद
फार संथ. साधारण साठच असेल.

रियाज_रात्री
मला मूळचीच आवडली, संथ असूनही. उशिरा पोचणारी चाल असू नये असं कुठे लिहिलंय?

स्नेहल_ग
कॉर्डवरून आठवलं, माझ्या बहिणीला आवाज बसल्यामुळे डॉक्टरांनी तिच्या कॉर्डला सूज आहे म्हणून सांगितलं होतं. त्याला मराठीत स्वरतंतू म्हणतात. मग ‘स्वरतंतूतील स्वर’ चालेल का?

ठोका_सोळा
ताई, ती घशातली कॉर्ड. ही गिटारवरची.

निरुक्त_वेडा
हसू नका, ताईंची गल्लत इंग्रजीनेच करून ठेवली आहे. तंतू किंवा दोरी या अर्थाचा शब्द वेगळा आहे. संगीतातला कॉर्ड आला ‘अकॉर्ड’वरून, म्हणजे मेळ, जुळणं. पूर्वी तो एच शिवायच लिहीत. तारेच्या लॅटिन शब्दाशी नातं आहे असं समजून एच नंतर घुसवला. म्हणून मला ‘संघात’पेक्षा ‘मेळ’ जवळचा वाटतो. मेळाचे स्वर. बाकी शुद्ध_मराठी यांच्या ओळीत एक मौज आहे: आघात आणि संघात दोन्ही एकाच ‘हन्’ धातूचे. म्हणजे त्यांनी लिहिलं, ‘मारण्याच्या जागी मारामारीचे स्वर.’

शुद्ध_मराठी
धातूचा अर्थ असा लावायचा तर ‘व्याघात’ म्हणताना आपण वाघ आणतो का? संघात म्हणजे समूह. ‘मेळ’ घेतलात तर थाटाला मेळ म्हणणारे गोंधळतील. तो पूर्ण सप्तकाचा हिशेब असतो, तीन स्वरांचा नव्हे.

निरुक्त_वेडा
मेळाचं मान्य. वाघाचं नाही.

चाल_एकटी
माझा अनुभव सांगतो. मला असाच नियम कुणीतरी ‘कॉर्डमधला स्वर ठेवा’ असा सांगितला. पाहिलं तर सा हा सीमध्ये आहे, ए मायनरमध्ये आहे, एफमध्येही आहे. मी सहा जागांवर सा ठेवला, नियम पाळला, आणि चाल दाराची घंटा झाली. जीवर तर तोही आधार नव्हता. मग दर बारला कॉर्डचा मूळ स्वर घेतला: सा, ध, म, प. तर चाल बेसच्या मागे शेपटासारखी फिरायला लागली. तेव्हा ‘टार्गेट’चं भाषांतर ‘ठेवा’ करू नका. त्यात कुठला स्वर निवडायचा हा भाग हरवतो.

पेटीवाले_काका
‘गाठा’ म्हणा. स्वर गाठतात. गाठायचं म्हटलं की आधी कुठून निघायचं याचाही विचार आला. ‘जोराच्या मात्रेवर त्या कॉर्डचा घरचा स्वर गाठा.’

मंदार_बेस
‘गाठा’ला माझं मत. आणि दर बारला निदान एकदा कॉर्डचा मधला स्वर गाठायला सांगा: सीचा ग, ए मायनरचा सा, एफचा ध, जीचा नि. मेजर की मायनर हे त्याच्यावरूनच कळतं. उलटवलेल्या चालीत तो चारही बारांत आलाय. झाकून, कॉर्डशिवाय वाजवलं तरी खाली कुठली कॉर्ड असेल याचा अंदाज येतो.

शुद्ध_मराठी
‘गाठा’ चालेल. ‘घरचा’ नाही. ‘घटक स्वर’ करा.

ठोका_सोळा
आणि ‘जोराची मात्रा’ म्हणाल तर पोरं तिथे जोरात वाजवतील. मी पाहिलंय. सबळ मात्रा म्हणा.

निवांत_वाचक
सबळ म्हटल्यावर दुसरी-चौथी दुर्बळ. बिचाऱ्या.

केतकी_अनुवाद
‘गाठा’ घेते, ‘सम’ आणि ‘वादी’ काढते. घरचा की घटक, जोराची की सबळ, यावर रात्री विचार करते. मुलाला दोन्ही चाली ऐकवल्या. त्याला उलटवलेली पटली, पण शेवटच्या बारमध्ये तो परत सा ऩि रे सा वाजवतोय आणि विचारतोय की हे चालेल का.

मंदार_बेस
म्हणजे सा जोरावर, लगेच नि वर उतरलेला, आणि तिसऱ्या मात्रेवर रे. चालेल? मी तर तेच सांगत होतो. फक्त आधीच्या बारच्या शेवटी प आहे, सा नाही. तिथे सा धरला तर अजून खुलेल.

केतकी_अनुवाद
पुढच्या पाठात तीन मात्रांचे बार आहेत. तिथे जोराची एकच ना?

ठोका_सोळा
एकच. पण कृपा करून तिला सम म्हणू नका.