मदत हवी आहे: कुरियरला पत्ता दुरुस्तीचं पत्र कसं लिहू? पार्सल अजून निघालेलं नाही (बहुतेक)

टपोरा_मोगरा

मंडळी जरा घाईत आहे. काल संध्याकाळी बहिणीला पार्सल टाकलं, आत तिच्या मूळ मार्कशीटा आहेत म्हणून जास्त जीव खालीवर होतोय. घरी येऊन पावती नीट बघितली तर तिने नुकतंच घर बदललंय आणि मी अर्धा नवा अर्धा जुना असा खिचडी पत्ता लिहिलाय. बिल्डिंग नवी, फ्लॅट नंबर जुना, वर पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे, २५ च्या जागी ५२! शाखेत फोन केला तर म्हणे लेखी द्या, मेल चालेल. ट्रॅकिंगला अजून नुसतं 'बुक्ड' दिसतंय. हे लिहिलंय, चालेल का सांगा:

> माननीय महोदय, सविनय सादर की मी आपली नियमित ग्राहक असून काल आपल्या शाखेतून माझ्या बहिणीस पार्सल पाठविले आहे. तिने नुकतेच घर बदलल्याने माझ्याकडून नजरचुकीने पत्ता चुकीचा लिहिला गेला. फ्लॅट ३०२, ए विंग नसून फ्लॅट २०३, बी विंग असा आहे, तसेच पिनकोडच्या शेवटी ५२ नसून २५ आहे. तरी योग्य ती दुरुस्ती करून उपकृत करावे ही नम्र विनंती.

आळशी_मांजर

बुक्ड दाखवतंय ना मग निवांत रहा, पार्सल तिथेच पडलंय. आणि बहिणीचा मोबाइल नंबर बरोबर असेल तर पत्ता चुकला तरी काही बिघडत नाही, डिलिव्हरीवाला फोन करतोच. मला तर दर वेळी करतात, गेटवर या म्हणून.

सईची_आई

माझं पण सेम झालं होतं!! मी ऑनलाइन ड्रेस मागवला आणि पत्ता माहेरचा गेला, मी कुरियरला तीन मेल केले तर उत्तरच नाही, शेवटी विकणाऱ्याला सांगितलं तेव्हा बदलला. त्यामुळे तू कुरियरच्या नादी लागू नकोस, दुकानदाराला सांग.

टपोरा_मोगरा

अगं ताई दुकानदार नाहीये इथे, मीच पाठवलंय.

जुना_बुकिंगवाला

मी बरीच वर्षं बुकिंग काउंटरला काढलीत म्हणून लिहितो. सईची आई, तुमचं तिथे बरोबरच झालं. कुरियरचा ग्राहक म्हणजे ज्याने बुकिंग केलं तो, तुमच्या वेळी तो विक्रेता होता. इथे पाठवणारी मोगराच आहे, त्यामुळे पत्र तिनेच द्यायचं, बहिणीने फोन केला तर शाखावाले ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये, नाहीतर कुणीही फोन करून दुसऱ्याचं पार्सल आपल्या घरी वळवेल.

मांजरराव, फोनचं म्हणणं अर्धं खरं. फ्लॅट चुकला तर पोऱ्या बिल्डिंगखाली उभा असतो, फोन करतो, काम होतं. पण पिनकोड चुकला तर पार्सल त्या पोऱ्याच्या हातात येतच नाही, वेगळ्याच डिलिव्हरी शाखेत जातं आणि तिथला पोऱ्या 'पत्ता सापडला नाही' मारून परत लावतो. मोगराच्या पत्रात सगळ्यात मोठी चूक पिनकोडची आहे आणि तीच शेवटी 'तसेच' म्हणून आलीय.

आणि 'बुक्ड'वर जाऊ नका. पुढचं स्कॅन होईपर्यंत स्क्रीनवर तेच राहतं. पिशवीत भरून, सील करून, गाडीत चढलेलं पार्सलही कधीकधी तास दोन तास बुक्डच दिसतं. खरी गोष्ट एकच विचारायची, पिशवी बंद झाली का? बंद झाली असेल तर एका पाकिटासाठी कुणी ती फोडत नाही, मग दुरुस्ती पुढच्या हबला, आणि तिथे तुमचं पत्र कोण वाचतंय.

आता पत्राबद्दल. 'नसून, असा आहे' काढून टाका. काउंटरला संध्याकाळी गर्दी असते, पोरगं पत्रात नजर टाकतं आणि पहिला दिसेल तो पत्ता टाइप करतं. माझ्याच समोर एकदा चुकीचा पत्ता दुरुस्त करून पुन्हा चुकीचाच छापला गेलाय. जुना पत्ता पत्रात पूर्ण लिहूच नका, तो त्यांच्याकडे आहे. बरोबर पत्ता मात्र लेबलवर छापतात तसा ओळीओळीने, पूर्ण, नाव आणि मोबाइलसकट.

दुसरं, तुम्ही 'दुरुस्ती करा' एवढंच लिहिलंय. मग ते पाकिटावर पेनाने खाडाखोड करतात आणि झालं म्हणतात. पुढे हबला मशीन असो की माणूस, बारकोड मारला की सिस्टीममधला पिनकोड दिसतो, पेनाचं कोण बघतो. म्हणून तीन गोष्टी मागायच्या: आधी पार्सल थांबवा, सिस्टीममध्ये बदला, नवीन लेबल लावा. असं लिहा:

> प्रति, शाखा व्यवस्थापक
>
> विषय: पार्सल क्र. (पावतीवरचा नंबर) रोखून ठेवून पत्ता व पिनकोड बदलणेबाबत
>
> वरील पार्सल मी दि. (बुकिंगची तारीख) रोजी आपल्या शाखेत बुक केले असून ते अद्याप रवाना झालेले नसल्यास पुढे पाठवू नये. पिनकोड व फ्लॅट क्रमांक चुकीचे नोंदवले गेले आहेत. योग्य पत्ता:
>
> (नाव)
> फ्लॅट २०३, बी विंग, (इमारत, रस्ता, शहर)
> पिनकोड: (पूर्ण सहा आकडे)
> मोबाइल: (नंबर)
>
> कृपया संगणकातील नोंद बदलून पार्सलवर नवीन लेबल लावावे, जुने लेबल काढावे व बदल झाल्याचे याच मेलवर कळवावे. दरात फरक पडल्यास तो भरण्यास तयार आहे. सोबत पावती व माझ्या ओळखपत्राची प्रत.
>
> (पाठवणाऱ्याचे नाव, मोबाइल, सही)

पार्सल नंबर विषयातच, कारण मेल उघडण्याआधी तेवढंच दिसतं. बहिणीने घर बदललं वगैरे त्यांना नको, खरं सांगायचं तर कुणी वाचत नाही. मेल करा पण एक प्रिंट घेऊन स्वतः जा, संध्याकाळची गाडी सुटायच्या आत. मेल बघेपर्यंत गाडी गेलेली असते.

उनाड_पाऊस

एक भर घालतो. आता 'तुमचा पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर दुरुस्त करा' असा मेसेज आला आणि किरकोळ पैसे भरायला सांगितले तर अजिबात हात लावू नका. अशाच वेळी माणूस फसतो कारण आपला पत्ता खरोखरच चुकलेला असतो.

टपोरा_मोगरा

आला होता की काय असा मेसेज सकाळी!! मी मेसेजच नीट वाचला नव्हता, नशीब. बरं अपडेट: काकांचं पत्र जसंच्या तसं प्रिंट करून गेले. पिशवी उघडी होती, पाकीट समोर काढलं. आधी पेनच घेतलं त्याने हातात :) मी लेबल म्हटल्यावर थोडं तोंड वाकडं केलं पण छापलं. जुनं निघत नव्हतं म्हणून नवीन त्यावरच चिकटवलं. पत्राच्या प्रतीवर शिक्का मारून दिला, नवीन पावती मात्र देत नाहीत म्हणाले, पावतीवर जुनाच पत्ता आहे. आणि ट्रॅकिंगला अजून पोहोचण्याचं ठिकाण जुन्या पिनचंच दिसतंय, हे ठीक आहे का?

जुना_बुकिंगवाला

वरून चिकटवलेलं चालेल, जुना पिनकोड आणि बारकोड पूर्ण झाकला गेला असेल तर. कोपरा बाहेर डोकावत असेल तर नाही. ट्रॅकिंगचं मात्र मला आवडलं नाही. कधी स्क्रीन उशिरा बदलते, पण कधी लेबल नुसतं वेगळं छापून नोंद तशीच ठेवतात. पहिलं हब स्कॅन व्हायच्या आत फोन करून एवढंच विचारा की तुमच्या स्क्रीनवर या नंबरला कुठला पिनकोड दिसतोय, आकडे त्याला वाचायला लावा, तुम्ही सांगू नका.

आळशी_मांजर

आणि पार्सल हरवलंच तर दावा करायला जुन्या पत्त्याची पावती चालते का?

जुना_बुकिंगवाला

आमच्याकडे नंबर बघायचे, पत्ता नाही. पण शिक्क्याची प्रत जपून ठेवा म्हणेन, यावरून वाद झालेले मी बघितलेत.

टपोरा_मोगरा

फोन लावतेय, बिझी येतोय सारखा.