साठ स्वयंसेवक, एक मेल: पुरतो का?

पायवाट: रविवारी अजिंक्यताऱ्यावर सफाई, 60 जण. सगळ्यांची कामं नि वेळा एकाच मेलमध्ये टाकतोय, जमायचं 'पायथ्याशी, सकाळी 6'. गटवार मेल म्हणजे नुसता वेळ घालवणं. ज्याला वाचायचंय तो वाचतो.

गोडोलीकर: या शेवटच्या वाक्याचाच राग आला. पायथा कुठला? काही जण अदालतवाड्याकडून चढतील, काही गोडोलीकडून, आणि दोघांनाही वाटेल आपण बरोबर ठिकाणी उभे आहोत. साठ नावांचा तक्ता मोबाइलवर आडवा सरकवावा लागतो, त्यात नाव सुटतं आणि माणूस शेजारच्या ओळीतली वेळ वाचतो. चार गट, चार मेल करा. विषयातच लिहा: 'रविवार, नोंदणी टेबल, हजर 5.45, गोडोली नाका'. मेल न उघडता कळलं पाहिजे. गटप्रमुखाचा नंबर मजकुरातच द्या, जोडलेल्या पीडीएफमध्ये नको. आणि पत्ते Bcc मध्ये टाका, नाहीतर एकाचं 'मी येतो' सगळ्यांकडे जातं.

हळदवाला, सांगली: आमच्या रक्तदान शिबिरात सरळ अर्धा तास आधीची वेळ सांगतो. लोक उशिराच येतात, म्हणजे बरोबर वेळेवर येतात.

गोडोलीकर: ही फसवणूक आहे. वेळेवर येणारा अंधारात अर्धा तास ताटकळतो आणि पुढच्या वेळी तोही उशिरा येतो. दोन वेळा लिहा: हजर 5.45, काम सुरू 6.15. मधल्या वेळात नावनोंदणी आणि हातमोजे, पोती वाटप, हेही लिहा.

हळदवाला, सांगली: दोन वेळा दिसल्या की माणूस दुसरीच धरतो. शिबिरं भरवून बघा, मग फसवणूक म्हणा!

गोडोलीकर: ठीक, तेवढं मान्य. विषयात एकच वेळ द्या, हजर राहण्याची. पण ती खरी असू दे.

वहीवाली: वेळेवरून भांडताय, पण शुक्रवारी जागा बदलली तर? जुन्याच मेलला उत्तर देऊन कळवलंत, तर ते त्याच संभाषणात दडतं आणि विषयात जुनी जागाच दिसत राहते. नवा मेल, विषय 'बदल:' पासून सुरू. तरी जुन्या जागी एक माणूस 6.30 पर्यंत उभा ठेवा, कोणीतरी तिथे जातंच. आणि उत्तरात 'ओके' मागू नका. 'तुमचं काम, वेळ आणि जागा लिहून पाठवा' म्हणा. चुकीचं वाचलेला तिथेच सापडतो.

पायवाट: चार मेल करतो, बरं. पण उत्तरच न देणाऱ्यांचं काय? सगळ्यांना फोन करायला माणसं नाहीत.

वहीवाली: सगळ्यांना नाही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत गप्प राहिलेल्यांना, तेही त्यांच्या गटप्रमुखाने. फोन लागला नाही तर ती जागा राखीव माणसाला द्या.

पायवाट: राखीव माणूस आणायचा कुठून? साठच आहेत.

हळदवाला, सांगली: आमची वेळ अर्धा तास आधीचीच राहील.