मदत हवी आहे: भाववाचक नामं तीन की चार? (उद्या सकाळी वही द्यायची आहे)

बाबा_सहावी_ब
मुलीच्या गृहपाठात वाक्यातली भाववाचक नामं ओळखायला सांगितली आहेत. तिने चार लिहिली. बाईंनी लाल पेनाने फक्त ‘तीन’ लिहून वही परत दिली, कोणती तीन ते नाही. उद्या दुरुस्त करून द्यायची आहे. वाक्य सोपं आहे, शांतीने धीराने दुष्काळाला तोंड दिले वगैरे. मला तर यात दोनच दिसतात. व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत. लवकर सांगा.

खारेदाणे
‘वगैरे’ हे भाववाचक नाही एवढं खात्रीने सांगतो.

भरतीवाला_२४
सोपी ट्रिक देतो, तलाठी भरतीची तयारी करताना मला क्लासमध्ये शिकवली होती. शेवटी त्व, ता, पणा, ई, की, गिरी, वा, आई यांपैकी काही दिसलं की डोळे मिटून भाववाचक. शत्रुत्व, नम्रता, देवपण, गरिबी, माणुसकी, गुलामगिरी, गोडवा, नवलाई. एक मिनिटही लागत नाही.
तसंच मूळ सर्वनामं नऊ आहेत, तीही पाठ करून ठेवा. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः.

बाबा_सहावी_ब
सर्वनामं कोणी विचारली?

देवरुखकर
शेवटी ‘गिरी’ आली की भाववाचक, म्हणजे मी जन्मापासून एका भाववाचक नामाच्या जिल्ह्यात राहतोय म्हणायचं. रत्नागिरी.

खारेदाणे
आणि शेवटी ‘की’ आहे म्हणून ‘खिडकी’ पण घ्या. सरिता, कविता, पिता. मेवा, रवा. डोळे मिटले की असंच होतं.

भरतीवाला_२४
अपवाद सगळीकडे असतात. दहापैकी आठ प्रश्न याच ट्रिकने सुटतात.

उंबरठा
अडचण अपवादांची नाही. प्रत्यय दिसला की आधी तो काढून मागे काय उरतं ते बघायचं. ‘गुलामगिरी’तून गिरी काढली की ‘गुलाम’ उरतो, ‘माणुसकी’तून ‘माणूस’ सापडतो, ‘नम्रता’तून ‘नम्र’. म्हणजे एखाद्या माणसाचा किंवा गुणाचा शब्द आधी होता आणि त्याचा भाव तयार केला. ‘कविता’तून ‘ता’ काढून ‘कवि’ उरतो खरा, पण कविता म्हणजे कवीपणा नव्हे. तेव्हा उरलेल्या शब्दाचा अर्थही जुळायला हवा.
दुसरं म्हणजे ‘राग’, ‘धीर’, ‘प्रेम’, ‘भूक’ यांच्या शेवटी तुमच्या यादीतलं काहीच नाही, तरी ते भाववाचक आहेत. ही ट्रिक ‘राग’ कधीच पकडणार नाही.
धागाकर्ते, पूर्ण वाक्य द्या. मुलीने कोणते चार लिहिले तेही.

बाबा_सहावी_ब
पूर्ण वाक्य: ‘शांतीने धीराने दुष्काळाला तोंड दिले, पण गावातल्या श्रीमंतांच्या बेफिकिरीचा तिला राग आला.’ दुसरा भाग वेगळा वाटला म्हणून दिला नव्हता. मुलीने लिहिले: शांती, श्रीमंती, बेफिकिरी, राग.

खारेदाणे
म्हणजे अर्धं वाक्य खिशात ठेवून अख्खं उत्तर मागत होतात.

सुलभा_नाशिक
माझ्या मावशीचं नाव शांती. तिला शांत बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही, त्यामुळे तिला भाववाचक म्हणायला माझी अजिबात तयारी नाही.

उंबरठा
सुलभाताई, गंमत बाजूला, मुद्दा नेमका तोच आहे. शांती हे मूळचं भाववाचक, पण इथे बाईचं नाव आहे, म्हणून विशेषनाम. देवनागरीत पहिलं अक्षर मोठं करायची सोय नाही, त्यामुळे ते वाक्यातूनच शोधावं लागतं. पहिल्या भागात ‘तोंड दिले’ आहे. कोणी दिले? शांती हा भाव धरला तर वाक्यात तोंड देणारं कोणीच उरत नाही. आणि पुढे ‘तिला राग आला’ आहे. ही ‘ती’ कोण? मनःशांतीला राग येत नाही. म्हणून मी दुसरा भाग मागत होतो.

दक्षिण_कोकणी
शांती की शांति? आमच्या शाळेत ऱ्हस्व लिहायचे.

उंबरठा
1962 च्या लेखननियमांपासून शेवटचा इकार दीर्घ. ‘शांतिदूत’मध्ये मात्र ऱ्हस्वच. पण तो या धाग्याचा विषय नाही, मला तिकडे ओढू नका.

बाबा_सहावी_ब
बरं, शांती गेली. म्हणजे तीन झाले: श्रीमंती, बेफिकिरी, राग. संपलं. धन्यवाद.

उंबरठा
थांबा. वाक्यात ‘श्रीमंती’ आहेच कुठे? ‘श्रीमंतांच्या’ आहे. ‘तां’वरचा अनुस्वार बघा, तो अनेकवचनाचा आहे. श्रीमंत माणसं, त्यांच्या. ‘श्रीमंती’ असती तर ‘श्रीमंतीच्या’ झालं असतं. श्रीमंत हे विशेषण इथे माणसांसाठी नामासारखं वापरलंय, जसं आपण ‘गरिबांना मदत करा’ म्हणतो. मुलांचा हाच घोळ सगळ्यात जास्त होतो. शब्द विभक्तीच्या वेषात असतो, मूळ रूप मनातच लावायचं म्हणून जे ओळखीचं आहे ते लावतात. तुमच्या मुलीने तेच केलं.

बाबा_सहावी_ब
मग दोनच उरतात. मी पहिल्यापासून दोनच म्हणत होतो.

उंबरठा
आकडा जुळला, पण तिसरं सुटलंय. ‘धीराने’.

भरतीवाला_२४
सर, इथे मी ठाम असहमत. ‘धीराने’ क्रियाविशेषण आहे. तोंड कसं दिलं? धीराने. ‘कसे’ला उत्तर आलं की क्रियाविशेषण, हे आम्हाला शंभर वेळा सांगितलंय.

उंबरठा
‘कसे’चं उत्तर ते देतं, मान्य. पण त्याच्या आधी विशेषण लावून बघा. ‘मोठ्या धीराने तोंड दिले’ हे चालतं. ‘मोठ्या हळूहळू चालली’ चालत नाही. ‘मोठ्या’ला बसायला नाम लागतं, आणि ते ‘धीर’ आहे. त्याला ‘ने’ लागून तृतीया झाली, एवढंच. आनंदाने, रागाने, प्रेमाने हे सगळे त्याच घरातले.

भरतीवाला_२४
आणि परीक्षेत चार पर्यायांत नाम आणि क्रियाविशेषण दोन्ही दिले तर? तेव्हा ‘मोठ्या’ लावत बसू का?

उंबरठा
तेव्हा प्रश्नात शब्दाची जात विचारली आहे की वाक्यातलं काम, ते वाचा. उत्तरतालिका काय म्हणेल याची हमी मी देत नाही. इथे प्रश्न नामं शोधायचा आहे, आणि ‘धीर’ नाम आहे.

भरतीवाला_२४
म्हणजे दोन्ही बरोबर?

उंबरठा
असं मी म्हटलं नाही.

मंदार_कल्याण
इतका काथ्याकूट कशाला? जे डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही ते भाववाचक. मी मुलाला एवढंच शिकवलंय. धीर दिसत नाही, बेफिकिरी दिसत नाही, राग दिसत नाही. तीन.

देवरुखकर
वारा दिसतो का? वास? आवाज?

मंदार_कल्याण
वारा अंगाला लागतो.

देवरुखकर
आमच्याकडे जून महिन्यात रागही अंगाला लागतो.

उंबरठा
मंदार, या वाक्यात तुमचं उत्तर बरोबर आलंय, पण कसोटी अर्धीच आहे. मी मुलांना वेगळं करायला सांगतो. ‘तिच्या अंगात ___ आहे’ या रिकाम्या जागेत शब्द बसवायचा. ‘तिच्या अंगात धीर आहे’ बसतं. ‘बेफिकिरी आहे’ बसतं. ‘श्रीमंत आहे’ बसत नाही. भाव हा नेहमी कोणाचा तरी, कशात तरी असतो. धीर शांतीचा आहे, बेफिकिरी श्रीमंतांची, राग पुन्हा शांतीचा. मालक सापडला की भाव सापडला.

खारेदाणे
तिच्या अंगात ताप आहे. तिच्या अंगात रक्त आहे. परवा एकीच्या अंगात देवी आली होती.

उंबरठा
रक्ताला हात लावता येतो, म्हणून तिथे मंदारची कसोटी जोडा. तापाचं तुम्ही बरोबर पकडलंत, त्यावर मीही अडतो. एका कसोटीने सगळं सुटत नाही, दोन-तीन एकत्र लावाव्या लागतात.

आबा_बार्शी
सगळे दुष्काळ विसरले. तोही अवस्था आहे. बाहत्तरचा दुष्काळ मी पाहिलाय. सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. त्या काळात लोकांनी जो धीर धरला तो आजच्या पोरांना कळणार नाही. दुष्काळ भाववाचकात का नाही, हे कोणी सांगेल का?

मंदार_कल्याण
आबा, दुष्काळ दिसतो ना. भेगाळलेली जमीन दिसते.

आबा_बार्शी
जमीन दिसते. दुष्काळ दिसत नाही. पोटाला कळतो.

उंबरठा
आबा, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मी दुष्काळ सामान्यनामात घालीन, कारण ‘मी दोन दुष्काळ पाहिले’ असं मोजता येतं आणि ‘दोन धीर धरले’ म्हणता येत नाही. पण अवस्थेलाही भाववाचकात जागा आहे, बालपण आणि म्हातारपण तिथेच बसतात. सहावीच्या वहीत दुष्काळ सामान्यनाम लिहा, बाईंचा ‘तीन’ आकडा त्यानेच जुळतो. याहून पुढे मी शपथ घेणार नाही.

आबा_बार्शी
मोजता येतो कारण तो पुन्हा पुन्हा येतो. बाकी चालू द्या.

बाबा_सहावी_ब
मुलीला वाचून दाखवलं. धीर, बेफिकिरी, राग लिहिलं. ती म्हणते, बाईंनी शिकवताना ‘शांती’ फळ्यावर भाववाचकाच्या यादीत लिहिलं होतं, मग आता ते चूक कसं?

सुलभा_नाशिक
तिला म्हणावं, फळ्यावर एकटी होती तेव्हा भाव होती. वाक्यात आली, कामाला लागली, बाई झाली.

उंबरठा
मी याहून चांगलं सांगू शकलो नसतो. ‘वर्गात तीन शांती आहेत’ म्हटलं तर ती आणखी तिसऱ्याच प्रकारात जाईल, पण आज तिला झोपू द्या.

बाबा_सहावी_ब
झोपलीच आहे. अजून एक राहिलंय, वही बंद करण्याआधी. पुढच्या प्रश्नात ‘हसू’ आहे. ते भाववाचक की क्रियापद?

खारेदाणे
पूर्ण वाक्य द्या हो.