मदत हवी आहे: रात्री पॉवर फॅक्टर रिले −0.62 दाखवतोय

उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. दिवसा रिलेवर 0.98 लॅगिंग असतं, म्हणजे सीटीची दिशा बरोबर असावी. रात्री लोड जेमतेम 8 किलोवॅट उरतो आणि रीडिंग −0.62 होतं. आमच्या रिलेत वजा म्हणजे लीडिंग. सगळ्या स्टेजचे दिवे बंद, तरी तिसऱ्या स्टेजच्या 10 केव्हीएआर कपॅसिटरच्या तिन्ही केबलवर क्लॅम्प मीटर 14 अँपिअर दाखवतो. म्हणजे तो पूर्ण लागलेलाच आहे, आणि हिशेबही जुळतो.

कॉइलच्या A1-A2 वर व्होल्टेज शून्य आलं तर कॉन्टॅक्टर चिकटला, आलंच तर रिलेचा आउटपुट अडकला, हे बरोबर ना? कॉन्टॅक्टर बदलताना डॅम्पिंग रेझिस्टरचं काय तपासायचं? जाणकारांनी सांगावं, रात्रपाळीचे वायरमन काळजीत आहेत.